साध्यापासून सुरुवात केलेली सिद्धता

प्रश्न: दोन धन संख्यांचा अंकगणिती मध्य भूमितीमध्यापेक्षा लहान नसतो, हे साध्या बीजगणितानं कसं सिद्ध करायचं? मी (a + b)/2 ≥ √(ab) लिहून दोन्ही बाजूंचे वर्ग करत (a − b)² ≥ 0 पर्यंत आलो, तर सरांनी निम्मेच गुण दिले. काय चुकलं?

उत्तर:

आधी सिद्धता देऊन टाकतो, म्हणजे पुढचं निवांत बोलता येईल. a आणि b धन आहेत, म्हणून √a आणि √b या वास्तव संख्या आहेत, आणि कुठल्याही वास्तव संख्येचा वर्ग ऋण नसतो.

(√a − √b)² ≥ 0
a − 2√(ab) + b ≥ 0
a + b ≥ 2√(ab)
(a + b)/2 ≥ √(ab)

झालं. दुसऱ्या ओळीत √a × √b च्या जागी √(ab) लिहिलंय, तेही दोन्ही संख्या धन आहेत म्हणूनच चालतं.

आता तुमच्या निम्म्या गुणांबद्दल. हा विषय निघाला की मला गप्प बसवत नाही, कारण याच चार ओळींवरून माझं एका सहकाऱ्याशी कडाक्याचं भांडण झालं होतं. बरीच वर्षं झाली. आम्ही एकाच टेबलावर उत्तरपत्रिका तपासत होतो. एका मुलानं अगदी तुमच्यासारखंच लिहिलं होतं: वर साध्य, मग दोन्ही बाजूंचे वर्ग करून (a + b)² ≥ 4ab, मग सगळं एका बाजूला घेऊन (a − b)² ≥ 0, आणि खाली ‘हे सत्य आहे, म्हणून सिद्ध झाले’. मी गुण कापले. सहकाऱ्यांनी ते पाहिलं आणि म्हणाले, “अहो सर, पोरानं सगळं बरोबर केलंय. ओळी खालून वर वाचा, सिद्धताच आहे. कशाला अडवताय?”

मी उत्तरपत्रिका त्यांच्यासमोर ठेवली आणि कोऱ्या कागदावर a = −2, b = −8 घेतलं. गुणाकार 16, त्याचं वर्गमूळ 4. बेरजेचं निम्मं −5. म्हणजे साध्य झालं −5 ≥ 4, जे उघडच खोटं आहे. मग त्या मुलाच्या ओळी एकही अक्षर न बदलता चालवल्या. वर्ग केले, 25 ≥ 16 आलं. चारनं गुणून 64 वजा केलं, तर 36 ≥ 0, म्हणजेच (a − b)² ≥ 0. हे सत्य आहे, म्हणून सिद्ध झाले! त्याच रीतीनं, त्याच शेवटच्या वाक्यानं −5 हा 4 पेक्षा मोठा ठरला. मी म्हटलं, “सर, ज्या लिखाणातून खरं आणि खोटं दोन्ही सारखंच सिद्ध होतं, त्याला सिद्धता म्हणायचं कसं?”

ते म्हणाले, “पण प्रश्नात धन संख्या दिल्यात ना!” अहो, दिल्यात, पण मुलानं ते कुठे वापरलंय? पक्षात दिलेली गोष्ट सिद्धतेत कुठेच लागली नाही, तर एक तर प्रश्न काढणाऱ्यानं ती उगाच दिली, नाही तर लिहिणाऱ्याकडून एक पायरी सुटली. इथे पायरी सुटली आहे, आणि ती नेमकी कुठे सुटली हे बोट ठेवून दाखवता येतं.

त्या मुलाच्या ओळी खालून वर लिहू. (a − b)² ≥ 0 हे नेहमीच खरं. दोन्ही बाजूंत 4ab मिळवलं की (a + b)² ≥ 4ab, हेही कुठल्याही वास्तव संख्यांना लागू. आता वर्गमूळ घ्यायचं. डावीकडे (a + b)² चं वर्गमूळ a + b नसतं, ते |a + b| असतं, म्हणजे a + b चं केवलमूल्य. तेव्हा हाती येतं ते |a + b| ≥ 2√(ab), अर्थात ab ऋण नसेल तर. −2 आणि −8 साठी हे 10 ≥ 8 होतं, आणि ते खरंच आहे! बीजगणितानं कुठेही दगा दिलेला नाही. केवलमूल्याचं चिन्ह काढून नुसतं a + b लिहायला मात्र ‘a, b धन, म्हणून a + b धन’ हे वाक्य लागतं. सगळा प्रश्न त्या एका वाक्यात आहे, आणि वरून खाली उतरताना ते लिहायची वेळच येत नाही. कारण वर्ग करणं ही उतरण आहे, तिथे कुणी अडवत नाही. अडवणूक परत वर चढताना होते.

माझ्या सहकाऱ्यांचं ‘खालून वर वाचा’ म्हणूनच मला पटलं नाही. खालून वर वाचणं हे तपासणाऱ्याचं काम नाही. मुलानं लिहिलेला तर्क मी तपासतो, त्यानं न लिहिलेला तर्क मी त्याच्या वतीनं पुरा केला तर तो माझा पेपर झाला. अखेर वरिष्ठांनी पूर्ण गुण द्यायला लावले. माझं मत तेव्हाही बदललं नाही, आजही नाही.

त्याच गठ्ठ्यात एका मुलीनं थेट (√a − √b)² ≥ 0 पासून सुरुवात केली होती. तिच्याबद्दल तेच सहकारी म्हणाले, “हे पाठ केलेलं दिसतंय, ही ओळ हिला सुचली कुठून?” सुचली तिच्या कच्च्या कामात! साध्यापासून मागे जायचं, सगळं एका बाजूला आणायचं, a − 2√(ab) + b दिसलं की तो पूर्ण वर्ग आहे हे ओळखायचं, आणि मग पानावर उलट्या क्रमानं लिहायचं. मागे जाणं ही शोधायची रीत आहे आणि ती उत्तम आहे. फक्त ती समासात ठेवायची. साध्य खरं मानून 0 ≤ 0 किंवा 36 ≥ 0 पर्यंत पोहोचणं हा ताळा झाला.

मला तिची वाट जास्त आवडते, त्याला आणखी एक कारण आहे. तिच्या पहिल्याच ओळीत पुढची सगळी माहिती आहे. त्या ओळी जरा नीट पाहिल्या तर असमानताच काय, नेमका फरकही मिळतो:

(a + b)/2 − √(ab) = (√a − √b)²/2

2 आणि 8 घ्या. मध्य 5 आणि 4, फरक 1. उजवीकडे √8 − √2 म्हणजे √2, त्याचा वर्ग 2, निम्मं 1. जुळलं. दोन्ही मध्य समान कधी होतील? डोळ्यांसमोरच आहे: तो वर्ग शून्य होईल तेव्हा, म्हणजे a = b असेल तेव्हाच. ‘तेव्हाच’ हा शब्द महत्त्वाचा. a = b घालून दोन्ही बाजू सारख्या येतात असं दाखवणारे पुष्कळ, पण दुसरी कुठली जोडी चालत नाही हे त्या वर्गातूनच कळतं.

याचा हिशेब चुकला की काय होतं ते एका गणितात पाहा. x कुठलीही वास्तव संख्या, तर (x² + 5)/√(x² + 4) ची किमान किंमत काढा. √(x² + 4) ला u म्हणा. अंश u² + 1 होतो, म्हणजे राशी u + 1/u. दोन धन संख्या, गुणाकार 1, म्हणून बेरीज किमान 2. बहुतेक मुलं ‘किमान किंमत 2’ लिहून पुढच्या गणिताकडे वळतात, आणि ते चूक आहे. राशी 2 पेक्षा लहान होत नाही हे खरं, पण ती 2 होते का? त्यासाठी u = 1/u, म्हणजे u = 1 हवं. इथे u तर √(x² + 4) आहे, तो 2 च्या खाली येतच नाही. तो वर्ग कधीच शून्य होत नाही, म्हणून 2 ही किंमत कधीच मिळत नाही. खरं उत्तर असं काढायचं:

u + 1/u − 5/2 = (2u − 1)(u − 2)/(2u)

u ≥ 2 असताना उजवी बाजू ऋण नसते, आणि u = 2 ला, म्हणजे x = 0 ला, शून्य होते. किमान किंमत 5/2. x = 0 थेट घालून पाहा, 5/2 च येतं.

माझ्या सहकाऱ्यांना मला हेच सांगायचं होतं. ‘शेवटी बरोबर आलं ना’ म्हणून सोडून दिलेला मुलगा या गणितात 2 लिहिणार, कारण आपण टाकून दिलेला वर्ग कोणता आणि तो शून्य होऊ शकतो का, हे बघायची सवय त्याला कुणी लावलेलीच नाही.

आता राहिलेलं. तुम्ही प्रत्येक ओळीमध्ये ⇔ हे चिन्ह दिलं असेल आणि वर्ग करताना ‘दोन्ही बाजू धन आहेत, म्हणून ही पायरी उलटही चालते’ असं लिहिलं असेल, तर तुमची सिद्धता पूर्ण आहे आणि सरांनी गुण कापायला नको होते. फक्त ओळीखाली ओळ लिहिली असेल, तर निम्मे गुण मला योग्यच वाटतात. मी असतो तरी तेवढेच दिले असते. संख्यांपैकी एखादी शून्य असली तरी वरचं सगळं तसंच चालतं. तीन संख्यांसाठी मात्र हाच वर्ग वापरून सरळ जाता येत नाही. चारसाठी जाता येतं: दोन-दोनच्या जोड्या करून तीच असमानता आधी प्रत्येक जोडीला आणि मग त्या दोन मध्यांना लावायची.

सरांकडे जाणार असाल तर गुण मागायला जाऊ नका. तुमच्याच ओळी खालून वर लिहून काढा, वर्गमूळ घेताना a + b धन का हे लिहा, आणि तो कागद दाखवा.