नसलेल्या डागाची उलटतपासणी

“लग्नानंतर पहिल्यांदा संबंध आला, तेव्हा पत्नीला अजिबात रक्तस्राव झाला नाही. तिचा आधी कोणाशी संबंध आला असेल का? डॉक्टरांकडून तपासून खात्री करता येईल का?”

हा प्रश्न माझ्याकडे इतक्या वेळा येतो की, विचारणाऱ्याने पहिले वाक्य उच्चारताच पुढचे ओळखू येते. ज्या जोडप्याविषयी लिहीत आहे, त्यातील पती सुशिक्षित होता, वाचन करून आला होता, आणि खरी अडचण त्याच्या वाचनातूनच निर्माण झाली होती. योनिपटल सायकल चालवल्याने किंवा खेळताना फाटू शकते असे त्याने वाचले होते. म्हणून त्याने पत्नीला लहानपणी सायकल चालवत होतीस का, असे विचारले. ती ‘नाही’ म्हणाली आणि त्याचा संशय बळावला.

सायकलीचे हे स्पष्टीकरण सांगणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, तरीही मला ते घातक वाटते. स्त्रीच्या शरीरात एक सील असते आणि ते कधीतरी तुटतेच, हा मूळ गैरसमज त्यात तसाच राहतो. फक्त ते कसे तुटले याचा खुलासा स्त्रीकडे मागितला जातो. वास्तविक योनिपटल म्हणजे योनिमार्गाचे तोंड झाकणारा पडदा नव्हे. ती तोंडाच्या कडेने असलेली मऊ त्वचेची घडी असते आणि तिच्यात जन्मापासूनच वाट असते. नसती तर मासिक पाळीचे रक्त बाहेर आलेच नसते. (ती वाट पूर्ण बंद असण्याचा दोष क्वचित आढळतो, आणि तो बहुधा पाळीच्या वयात पोटदुखीमुळे उघड होतो.) वयात येताना इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे ही घडी जाड आणि लवचिक होते. केस बांधायचे कापडी रबर ताणले की रुंदावते आणि सोडले की पूर्ववत होते, तसे पुष्कळ स्त्रियांत घडते. तिच्यात रक्तवाहिन्याही थोड्याच असतात, त्यामुळे बारीक चीर पडली तरी डाग दिसेलच असे नाही.

हे सांगून झाल्यावरही तो म्हणाला, “पण मॅडम, तिला फारसे दुखलेसुद्धा नाही.” त्याच्या दृष्टीने हा दुसरा पुरावा होता.

एखादा विचार खोडून काढण्याआधी तो कोणत्या आधारावर उभा आहे हे पाहावे, असे मी मानते. म्हणून मी त्याला त्या रात्रीविषयी विचारले. तो संकोचत म्हणाला, “आम्ही घाई केली नाही. ती घाबरली होती, म्हणून आधीचे काही दिवस फक्त बोलत होतो. ती तयार आहे असे म्हणाल्यावरच पुढे गेलो.”

मी म्हटले, “भीतीने स्नायू आवळलेले असतील, पुरेसा ओलावा नसेल आणि घाई झाली, तर घर्षणाने ओरखडे पडतात, पहिल्या वेळचे बरेचसे रक्त आणि दुखणे त्यातून येते. तुम्ही तिला वेळ दिलात, म्हणून तिला दुखले नसावे. आणि आता तुम्ही तेच तिच्याविरुद्ध पुरावा म्हणून मांडत आहात.”

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “म्हणजे मी तिला त्रास दिला असता, तर मला तिच्याविषयी खात्री वाटली असती?” हे वाक्य त्याच्या तोंडून आले, याचे मला आजही समाधान वाटते, मी ते मुद्दामच उच्चारले नव्हते.

पुढच्या भेटीत पत्नीही आली. तिने त्याला एवढेच विचारले, “मी सायकल चालवली होती असे खोटे सांगितले असते, तर तुमचा विश्वास बसला असता ना?” त्याच्याजवळ उत्तर नव्हते.

डॉक्टरांकडून तपासून प्रमाणपत्र घेण्याची मागणी मात्र त्याच्या मनात अजून होती. मी त्याला २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाविषयी सांगितले. त्यात ३६ गरोदर किशोरवयीन मुलींची तपासणी झाली होती, आणि त्यांपैकी केवळ दोघींतच संबंध आल्याची निश्चित खूण आढळली. गर्भधारणा झालेल्या मुलींत जी खूण सापडत नाही, ती तपासून कोणता डॉक्टर काय लिहून देणार? जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली अशा कौमार्यचाचण्या बंद कराव्यात असे आवाहन केले, त्याचेही हेच एक कारण होते. याची उलट बाजूही खरी आहे: पूर्वी संबंध आलेल्या स्त्रीलाही कोरडेपणामुळे रक्त येऊ शकते, त्यामुळे डाग दिसला तरी त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

रक्ताकडे लक्ष द्यायचेच असेल, तर ते तिच्या प्रकृतीसाठी द्यावे. पहिल्या वेळी थोडे थेंब येऊन थांबले, तर काळजीचे कारण नसते. रक्त थांबत नसेल, तासाभरात पॅड पूर्ण भिजत असेल किंवा चक्कर येत असेल, तर योनिमार्गाला जखम झालेली असू शकते. तेव्हा ताबडतोब रुग्णालयात जावे. पुढेही प्रत्येक संबंधानंतर रक्त जात असेल किंवा दुखत असेल, तर जंतुसंसर्ग किंवा गर्भाशयमुखाचा विकार नाही ना, हे स्त्रीरोगतज्ज्ञांकडून पाहून घ्यावे.