राज्यसेवेसाठी क्लासच्या नोट्सचे घटकनिहाय साचे: ‘राज्यपाल’ या घटकावरून

प्रश्न: माझ्याकडे क्लासच्या सहा वह्या भरल्या आहेत. राज्यसेवा मुख्य परीक्षेसाठी त्यांचे घटकनिहाय साचे करायचे आहेत आणि चालू घडामोडी जोडायला जागाही ठेवायची आहे. सुरुवात कशी करू?

उत्तर: मी राज्यव्यवस्थेपासून, म्हणजे सामान्य अध्ययन पेपर २ पासून सुरुवात केली होती, म्हणून त्यातलाच ‘राज्यपाल’ हा घटक घेऊन सांगतो.

क्लासमधले व्याख्यान शिकवण्याच्या ओघाने पुढे जाते, तर वर्णनात्मक पेपरमधला प्रश्न एका नेमक्या वादावर येतो. माझ्या वहीत राज्यपाल या एका शीर्षकाखाली नियुक्ती, वटहुकूम, विधेयकांना संमती आणि बहुमत चाचणी असे सारे सलग अकरा पानांत उतरले होते. त्याचे मी चार सुटे कागद केले: नियुक्ती व पदावधी (अनुच्छेद १५५, १५६), वटहुकूम (२१३), विधेयकांना संमती (२००, २०१) आणि सत्तास्थापना व बहुमत चाचणी. कागद सुटेच असावेत, कारण बांधलेल्या वहीत मध्ये पान घालता येत नाही.

आता संमतीचा कागद पाहा. डाव्या पानावर फक्त न बदलणारा मजकूर असतो. विधेयक आल्यावर राज्यपाल संमती देऊ शकतात, ते राष्ट्रपतींसाठी राखून ठेवू शकतात, किंवा धन विधेयक नसेल तर संमती रोखून ते शक्य तितक्या लवकर फेरविचारासाठी परत पाठवू शकतात. विधिमंडळाने ते पुन्हा मंजूर केले की संमती रोखता येत नाही. हा मजकूर वहीतून उतरवताना ‘सध्या’, ‘अलीकडे’, ‘नुकतेच’ हे शब्द शोधून काढा. सरांनी ज्या दिवशी ते उच्चारले, तो दिवस वहीत नसतो. तारीख सापडली तर ते वाक्य उजव्या पानावर जाईल, नाही सापडली तर ते गाळावे.

उजवे पान चालू घडामोडींचे. त्यावर चार रकाने आखा: तारीख, काय घडले, डाव्या पानावरच्या कोणत्या वाक्याला ते लागते, आणि आजची स्थिती. यातला तिसरा रकाना मी सर्वांत महत्त्वाचा मानतो. तो भरता येत नसेल, तर ती बातमी या कागदाची नाही. उदाहरणार्थ, ११ मे २०२३ चा महाराष्ट्रातील सत्तासंघर्षावरचा निकाल मी आधी इथेच लिहिला होता, कारण त्यात राज्यपाल होते. पण त्यातला मुद्दा बहुमत चाचणी बोलावण्याचा होता, म्हणून तो चौथ्या कागदावर गेला.

चौथा रकाना का हवा, हे मला तमिळनाडूच्या प्रकरणाने शिकवले. ८ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांच्या पीठाने राज्यपालांच्या निर्णयाला कालमर्यादा घालून दिल्या आणि प्रलंबित १० विधेयकांना संमती मिळाल्याचे मानले. मी उत्साहाने ‘कालमर्यादा ठरली’ असे डाव्या पानावर, अनुच्छेद २०० च्या ओळीतच लिहिले. पुढे राष्ट्रपतींनी अनुच्छेद १४३ अन्वये मत मागवले आणि २० नोव्हेंबर २०२५ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने न्यायालय अशा कालमर्यादा घालू शकत नाही आणि संमती मिळाल्याचे मानताही येत नाही, असे मत दिले. मात्र दीर्घकाळ, विनाकारण निर्णयच घेतला नाही, तर न्यायालय मर्यादित निर्देश देऊ शकते, हेही त्यात आहे. मला सारे डावे पान पुन्हा लिहावे लागले. एप्रिलची नोंद उजवीकडे असती, तर चौथ्या रकान्यात ‘२०/११/२०२५ चे मत पाहा’ एवढे लिहून भागले असते. जुनी नोंद खोडू मात्र नका. उत्तरात हा वाद कसा वळत गेला हे मांडायला दोन्ही तारखा लागतात.

जागा किती ठेवावी, याचे माझे माप आठ नोंदींचे आहे. सुरुवातीला मी कोरे पानच्या पान ठेवले होते आणि एकच बातमी तीन वर्तमानपत्रांतून तीनदा उतरवली. आठ ओळी भरल्या की नववी लिहिण्यापूर्वी कोणत्या दोन नोंदी एकत्र होतात ते पाहावे लागते, आणि तीच उजळणी ठरते. नियुक्तीसारख्या शांत घटकाला तीन ओळी पुरतात. बातमीची लिंक मोबाइलमध्ये साठवत असाल, तर तिला कागदाचा क्रमांक आणि ओळ क्रमांक द्या, जसे ‘२-१४-५’, म्हणजे पेपर २, कागद १४, ओळ ५. तोच क्रमांक उजव्या पानावरही लिहा.

सहाही वह्या एकदम फोडू नका. आधी आयोगाच्या अभ्यासक्रमातील पेपर २ चे शब्द जसेच्या तसे शीर्षक म्हणून घ्या आणि ज्या शीर्षकाखाली वहीत काहीच सापडत नाही, त्याचाही कोरा कागद फाइलला लावून ठेवा. माझ्या फाइलमध्ये असे नऊ कागद निघाले, आणि क्लासमध्ये काय शिकवायचे राहून गेले आहे, हे मला तेव्हाच प्रथम दिसले.