रिलोकेशन, प्रवास, नाइट शिफ्ट: रेझ्युमेत नेमकं कुठे आणि कसं लिहायचं?

प्रश्न: बीसीए झालंय, नांदेडला पतसंस्थांच्या सॉफ्टवेअरचा सपोर्ट दोन वर्षं करतेय. पुण्यातल्या ॲप्लिकेशन सपोर्टच्या जाहिरातींत रिलोकेशन, रोटेशनल शिफ्ट आणि क्लायंटकडे प्रवास, तिन्ही लागतं. रेझ्युमेच्या शेवटी 'सगळ्याला तयार' असं लिहिलंय, तरी फोन येत नाहीत. कसं लिहू?

उत्तर:

मी पुण्यात सपोर्टच्या जागांसाठी भरती करतो. तुमची ती शेवटची ओळ बहुधा कुणी वाचतच नाही, कारण त्याआधीच तुम्ही गाळल्या जाता.

आम्ही नोकरीच्या पोर्टलवर उमेदवार शोधतो तेव्हा पहिली चाळणी शहराची असते. तुमचं सध्याचं ठिकाण नांदेड आणि पसंतीच्या ठिकाणांत पुणे नसेल, तर रेझ्युमे कितीही चांगला असो, यादीत नाव येणार नाही. म्हणून आधी नोकरी डॉट कॉमच्या प्रोफाइलमध्ये पसंतीचं ठिकाण पुणे करा आणि पसंतीच्या शिफ्टमध्ये 'फ्लेक्सिबल' निवडा. सध्याचं ठिकाण मात्र नांदेडच राहू द्या. काही जण तिथे पुणे टाकतात, मग आम्ही 'उद्या अकराला ऑफिसला या' म्हटलं की पंचाईत होते.

रेझ्युमेत ही गोष्ट वर, नावाखाली फोन नंबरच्या ओळीतच लिहा. 'रिलोकेशनला तयार' एवढ्याने भागत नाही, कारण ते सगळेच लिहितात. आम्हाला कळायला हवं असतं की कुठे आणि कधी. 'सध्या नांदेड, पुण्यात स्थलांतर, नोटीस ३० दिवस' असं लिहिलंत की आमचा एक फोन वाचतो. (रेझ्युमे इंग्रजीत असेल, तर याच अर्थाची ओळ करा.) राहायची सोय असेल तर तेही लिहा. पुण्यात बहीण राहते हे वाचून 'ही मुलगी आठवड्यात परत जाईल' ही शंका मिटते. ही शंका कुणी बोलून दाखवत नाही, पण असते.

नाइट शिफ्टचं वचन देण्यापेक्षा पुरावा द्या, आणि तो तुमच्याकडे आहे. पतसंस्थांचा सपोर्ट म्हणजे ३१ मार्चची रात्र आलीच. वर्षअखेरीचं क्लोजिंग, ताळेबंद जुळेना म्हणून मध्यरात्री येणारे फोन. अनुभवाच्या भागात एक ओळ अशी टाका: 'मार्चअखेरीस अमुक पतसंस्थांच्या क्लोजिंगला रात्रभर सपोर्ट, बॅकअप आणि दिवसअखेर प्रक्रिया स्वतः पूर्ण केली.' आकडा तुमचा खरा घाला. प्रवासाचंही तसंच. हिंगोली-परभणीच्या शाखांत जाऊन इन्स्टॉलेशन किंवा ट्रेनिंग केलं असेल, तर ते लिहा. 'प्रवासाला तयार' या शब्दांपेक्षा त्याचं वजन जास्त.

आता जाहिरात नीट वाचा, कारण तिन्ही अटींचा अर्थ जागेगणिक बदलतो. रोटेशनल म्हणजे सकाळ, दुपार, रात्र अशा पाळ्या आलटून पालटून. 'यूएस शिफ्ट' म्हणजे जवळपास कायमची रात्र: न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा, आणि त्यांचं घड्याळ नोव्हेंबरात मागे गेलं की साडेसात. दोन्हींना एकच 'हो' लिहू नका. रोटेशनल जमत असेल आणि कायमची रात्र नको असेल, तर 'रोटेशनल शिफ्टसाठी उपलब्ध, रात्रपाळीसह' एवढंच लिहा. 'नाही' असं रेझ्युमेत कुठेही लिहायची गरज नाही. यूएस शिफ्टच्या जागेला अर्जच करू नका.

प्रवासात टक्के विचारा. ५० टक्के प्रवास म्हणजे महिन्याच्या २२ कामाच्या दिवसांतले साधारण ११ दिवस बाहेर. सपोर्टच्या बऱ्याच जागांत तो सुरुवातीच्या इन्स्टॉलेशनपुरता असतो, पण जाहिरातीत ओळ सारखीच दिसते. पासपोर्ट असेल तर त्याची वैधता लिहा, नंबर नको.

तुम्ही मुलगी आहात म्हणून आणखी एक. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सातच्या वेळेत महिलेला कामाला लावायचं तर तिची संमती आणि संरक्षणाची व्यवस्था लागते. त्यामुळे फोनवर 'रात्री घरापर्यंत कॅब आहे का, किती अंतरापर्यंत?' हे विचारायला बिचकू नका. कॅबची हद्द ठरलेली असते, म्हणून खोली घेण्याआधीच विचारा. ऑफिस हिंजवडीत आणि बहीण हडपसरला असेल, तर उत्तर महत्त्वाचं ठरतं.

फोनवर आमचा पहिला प्रश्न बहुधा 'घरचे तयार आहेत का?' हाच असतो. मला तो आवडत नाही, पण विचारला जातो. 'हो, बोलणं झालंय, रुजू व्हायला नोटीसनंतर चार दिवस लागतील' असं तारखेसकट सांगितलंत की पुढचे दोन प्रश्न येत नाहीत.