गोल्ड लोन: दरमहा व्याज भरायचं की शेवटी एकरकमी?

प्रश्न: दोन लाखांचं गोल्ड लोन हवं आहे, साधारण वर्षभरासाठी. दादरला एक फायनान्स कंपनी महिना १ टक्का सांगते, व्याज दर महिन्याला भरायचं, मूल्यांकन फुकट. बँक वर्षाला साडेअकरा टक्के सांगते, सगळं शेवटी, मूल्यांकनाचे पैसे वेगळे. कुठे घेऊ?

उत्तर: दोन्हीकडे आधी एकच विचारा: व्याजावर व्याज लागतं का, आणि हप्ता चुकला तर दर किती होतो? खरा फरक तिथे पडतो.

कंपनीत दरमहा २,००० रुपये, म्हणजे वर्षाचे २४,००० होतात. बँकेचं व्याज दर महिन्याला मुद्दलात मिळवलं जात असेल, तर वर्षाअखेर सुमारे २४,२५० रुपये व्याज भरावं लागेल. दर कमी असूनही रक्कम जास्त दिसते, पण म्हणून बँक महाग ठरत नाही, कारण कंपनीला तुम्ही तेच पैसे महिन्या-महिन्याने आधीच देऊन टाकता. वर्षाचा प्रभावी दर काढला तर कंपनीचा सुमारे १२.७ टक्के येतो, बँकेचा १२.१. बँकेचं व्याज सरळ पद्धतीचं असेल तर २३,००० वरच भागेल. मूल्यांकनाचे समजा ५०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरला तरी ते ५९० होतात. ‘फुकट मूल्यांकन’ हे एवढंच आहे. कर्ज नव्याने करताना ते पुन्हा घेतात का, तेवढं मात्र विचारून ठेवा.

आता कंपनीच्या १ टक्क्याकडे नीट बघा. बऱ्याच योजनांमध्ये करारावरचा दर जास्त असतो आणि वेळेवर व्याज भरल्यास सूट, अशी रचना असते. समजा मूळ दर १८ टक्के आहे आणि ३० दिवसांत व्याज भरलं तरच तो १२ पडतो. तुम्ही तीन महिने भरलंच नाही, तर काही योजनांत १८ टक्के पहिल्या दिवसापासून लागतात. मग ९० दिवसांचं व्याज ५,९१८ ऐवजी ८,८७७ रुपये होतं. जवळजवळ ३,००० रुपयांचा हा फटका मूल्यांकनाच्या खर्चाच्या पाचपट आहे. म्हणून सही करण्याआधी मुख्य तथ्य विवरण, म्हणजे केएफएस, मागून घ्या. त्यात वार्षिक टक्केवारी दर, म्हणजे एपीआर, आणि सगळे आकार लिहिलेले असतात. सूट चुकली तर लागणारा दर करारात शोधा. काउंटरवरच्या तोंडी आकड्यावर जाऊ नका. तुमचा पगार दर महिन्याला ठरल्या तारखेला येत असेल तर कंपनीची योजना चालेल. उत्पन्न अनियमित असेल तर मी बँकच घेईन.

शेवटी भरण्याच्या कर्जाला सोनं मात्र जास्त ठेवावं लागतं. रिझर्व्ह बँकेचे २०२५ चे नियम १ एप्रिल २०२६ पर्यंत सर्व बँका आणि फायनान्स कंपन्यांनी अमलात आणायचे होते. त्यांनुसार अडीच लाखांपर्यंतच्या घरगुती कर्जाला सोन्याच्या किमतीच्या ८५ टक्क्यांपर्यंत रक्कम मिळते, पण एकरकमी कर्जात हे प्रमाण मुद्दल अधिक वर्षाचं व्याज धरून मोजतात. म्हणजे दरमहा व्याजाच्या कर्जाला सुमारे २,३५,००० रुपयांचं सोनं पुरतं, तर एकरकमीला जवळपास २,६४,००० रुपयांचं. अशा कर्जाची मुदत जास्तीत जास्त १२ महिने असते आणि साचलेलं व्याज भरल्याशिवाय ते नव्याने करून मिळत नाही.

किंमत धरताना मागच्या ३० दिवसांची सरासरी आणि आदल्या दिवसाचा बंद भाव यांतला कमी आकडा घेतात. त्यामुळे झवेरी बाजारातल्या आजच्या भावापेक्षा कमी आकडा आला तर दचकू नका. वजनाकडे मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. कस तपासताना तुम्ही समोर असायला हवं, आणि प्रमाणपत्रावर एकूण वजन, निव्वळ वजन, कॅरट आणि खडे-डाग यांसाठी केलेली घट वेगवेगळी लिहिलेली हवी. मंगळसूत्रातल्या काळ्या मण्यांचं वजन वजा होणार हे खरं, पण किती ग्रॅम ते कागदावर दिसायलाच हवं. दागिने परत घेताना त्याच कागदाशी ते ताडून बघायचे असतात.

सोडवण्याची अट विचारताना एक गोष्ट हमखास राहून जाते. सगळे दागिने एका कर्जखात्यात ठेवले तर अर्धे पैसे भरून त्यातलं एखादं बाहेर काढता येईलच असं नाही. लग्नसराईत लागणारा हार वेगळ्या खात्यावर ठेवा. मूल्यांकनाचे पैसे दोनदा गेले तरी चालतील. मुदतीआधी फेडल्यास काही आकार किंवा किमान दिवसांचं व्याज आहे का, हेही केएफएसमध्ये बघा. पूर्ण रक्कम भरल्यावर दागिने त्याच दिवशी, किंवा जास्तीत जास्त ७ कामकाजाच्या दिवसांत परत द्यावे लागतात. त्यांच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे, म्हणून पैसे भरल्याची तारीख असलेली पावती दागिने हातात येईपर्यंत जपून ठेवा.