लेप्टोची डॉक्सीसायक्लीन, रात्रीचं दूध आणि लावणीचं ऊन

प्रश्न: बाबा ५८ वर्षांचे आहेत. लावणी सुरू असल्याने लेप्टो होऊ नये म्हणून आठवड्यातून एकदा डॉक्सीसायक्लीन १०० च्या दोन कॅप्सूल दिल्यात. ते रात्री दुधाबरोबर घेऊन लगेच झोपतात. परवापासून गिळताना छातीत दुखतंय म्हणतात. दूध बाधलं का? आणि या गोळीवर उन्हात जायचं नाही म्हणे, मग शेतात जायचंच नाही का?

उत्तर:

आधी छातीचं बोलू. दुखणं फक्त गिळतानाच होत असेल, पाण्याच्या घोटालाही कळ येत असेल, तर कॅप्सूल अन्ननलिकेत अडकून तिथे जखम झाली असावी. पण चालताना दुखत असेल, दुखणं हातात किंवा जबड्यात जात असेल, घाम फुटत असेल, तर माझं उत्तर वाचत बसू नका, त्यांना आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या. ५८ व्या वर्षी छातीतलं दुखणं गोळीच्या माथी मारून मोकळं होता येत नाही. फक्त गिळतानाच दुखत असलं तरी पुढची कॅप्सूल घ्यायच्या आधी डॉक्टरांना दाखवा.

माझं तळकोकणात औषधाचं दुकान आहे, आणि हा धडा मी गिऱ्हाइकाकडून नाही, स्वतःच्या छातीवर शिकलो. काही वर्षांपूर्वी तापासाठी मला हीच कॅप्सूल दिवसातून दोनदा होती. एका रात्री दुकान बंद करून उशिरा आलो, अंथरुणावर बसून घोटभर पाण्याबरोबर कॅप्सूल टाकली आणि आडवा झालो. पहाटे छातीच्या बरोबर मधोमध, बोट ठेवून दाखवता येईल अशा जागी, निखारा ठेवल्यासारखं झालं. सकाळी चहाचा पहिला घोट तिथपर्यंत पोचला आणि डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टरांनी गोळी बदलली, आम्ल कमी करणारी गोळी आणि सुक्रालफेटचं पातळ औषध दिलं. आठवडाभर मऊ भात आणि गार ताक यावर काढला, मग बरं वाटलं.

होतं काय, ते सांगतो. डॉक्सीसायक्लीन पाण्यात विरघळली की चांगलीच आम्लधर्मी होते. पोटाला आम्लाची सवय असते, अन्ननलिकेला नसते. त्यात कॅप्सूलचं जिलेटिन ओलं झालं की चिकट होतं. छातीच्या मध्यावर, जिथे महाधमनी अन्ननलिकेला खेटून जाते, तिथे वाट जरा अरुंद असते. कॅप्सूल बहुतेक वेळा तिथेच चिकटते. उभ्या माणसाच्या बाबतीत वजन आणि पाणी तिला खाली ढकलतात. आडव्या माणसाला ती मदत नसते, शिवाय झोपेत आपण गिळतही फार कमी. मग कॅप्सूल तिथेच विरघळते आणि तेवढीच जागा भाजते. म्हणजे बाबांच्या दुखण्याचा आरोपी दूध नव्हे, झोप आहे.

म्हणून डॉक्टरांनी पुन्हा सुरू करा म्हटलं, तर रात्रीची वेळ बदलून सकाळची करा. बाबांनी पेज किंवा पोहे खावेत, कारण रिकाम्या पोटी ही गोळी अनेकांना मळमळते. मग बसून किंवा उभं राहून आधी एक घोट पाणी प्यायचं, म्हणजे घसा ओला होतो. एक कॅप्सूल, वर अर्धा पेला पाणी. दुसरी कॅप्सूल, वर उरलेला अर्धा, आणि हवं तर अजून थोडं. एकूण २०० ते २५० मिलिलीटर तरी पाणी पोटात जायला हवं. आमच्याकडची म्हातारी माणसं गोळी जिभेवर ठेवून मान मागे टाकतात आणि उरलेला पेला अंगणात ओततात, तेवढं करू देऊ नका. त्यानंतर निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही. मी तर तासभर सांगतो. आठवड्याची गोळी विसरते म्हणून बाजाराचा दिवस ठरवून टाका.

आता दूध. ते छातीला बाधलं नाही, पण गोळीचा थोडा भाग मात्र खाल्ला. दुधातलं कॅल्शियम या औषधाला धरून ठेवतं आणि तेवढं औषध रक्तात न जाता तसंच बाहेर पडतं. याच घराण्यातल्या जुन्या टेट्रासायक्लीनचं दुधाबरोबर फार नुकसान व्हायचं. डॉक्सीसायक्लीनचं तेवढं होत नाही, साधारण पाचवा हिस्सा कमी होतो. पण बाबांना आठवड्यात एकच डोस मिळतो, त्यातलं का घालवायचं? दूध, दही, ताक आणि पनीर यांच्यात आणि गोळीत दोन तास ठेवा. सकाळचा दुधाचा चहाही त्यात आला, त्या दिवशी कोरा घ्यावा.

दुधापेक्षा मला जास्त भीती लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्यांची, आणि जळजळीसाठी घेतात त्या गुलाबी-पांढऱ्या पातळ औषधाची वाटते. त्यातलं अ‍ॅल्युमिनियम आणि मॅग्नेशियमही औषधाला असंच धरतं. छातीत जळजळतंय म्हणून बाबा गोळीवर लगेच तेच पीत असतील, तर आधी विचारा. लोहाचं आणखी एक आहे. डॉक्सीसायक्लीन पित्तातून पुन्हा आतड्यात उतरते आणि लोह तिला तिथेही गाठतं, म्हणून नुसत्या दोन तासांनी भागत नाही. लोहाची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगा, डोसच्या दिवशी ती बंद ठेवायची का ते ते ठरवतील.

उन्हाचं म्हणाल, तर शेत सोडायची गरज नाही, अंग झाकायची आहे. औषध कातडीत असताना ऊन लागलं की कातडी एरवीपेक्षा लवकर आणि जास्त भाजते. आमच्या गावचा एक टेम्पोवाला ही गोळी चालू असताना माझ्याकडे उजवा हात दाखवायला आला. बाहीच्या कडेपासून बोटांपर्यंत लालभडक, बाहीच्या आत पांढरा. खिडकी तर बंद होती, म्हणाला. पण या भाजण्याला कारणीभूत असलेले अतिनील किरण काचेतून येतात, आषाढातल्या ढगांतूनही येतात. त्याला वाटलं अ‍ॅलर्जी. फरक सोपा आहे: अ‍ॅलर्जीचं पुरळ कपड्याखालीही उठतं, हे फक्त उघड्या भागावर येतं आणि कपड्याच्या कडेला रेघ मारल्यासारखं थांबतं. फोड आले तर दवाखाना. काहींची नखं काही आठवड्यांनी टोकाकडून सुटतात, तेही यातलंच.

चिखलात सनस्क्रीन तासभरही टिकणार नाही. लांब बाह्यांचा जाड सदरा, मानेवर पंचा, डोक्यावर इरलं. वाकून लावणी करताना मान, मनगटाच्या वरची बाजू आणि कान सर्वात जास्त भाजतात. औषध अंगातून निम्मं व्हायला १६ ते २२ तास लागतात, म्हणजे आठवड्याच्या डोसनंतरचे पहिले तीन-चार दिवस जपायचे.

आणि गोळी चालू असतानाही ताप आला, पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले, तर गोळी घेतोय म्हणून घरी थांबू नका. लेप्टोचा धोका तिने कमी होतो, संपत नाही. घरात कुणी गरोदर बाई किंवा आठ वर्षांखालचं मूल असेल तर बाबांच्या पाकिटातली कॅप्सूल त्यांना देऊ नका, त्यांच्यासाठी डॉक्टर वेगळं औषध देतात.