रिक्रूटर ओळखीची असेल तर

प्रश्न: माझी जुनी सहकारी आता रिक्रूटर झालीये. तिने व्हॉट्सअ‍ॅपवर ओपनिंग पाठवलंय. तिच्याशी नेहमीसारखं अगं-तुगं बोलू की फॉर्मल राहू?

उत्तर:

अगं-तुगं सोडू नका. रोज एका टेबलावर डबा खाल्लेल्या मैत्रिणीला एकदम 'मॅडम' म्हटलंत तर तीच अवघडेल. सांभाळायचं एवढंच, की कोणती गोष्ट कुठे बोलायची.

मी यात एकदा फसलोय. जुन्या टीममधल्या मित्राचा असाच फोन आला. अर्धा तास ऑफिसच्या, मुलांच्या शाळेच्या गप्पा झाल्या आणि मध्येच त्याने विचारलं, "अपेक्षा किती आहे रे?" मी बोलून गेलो, "२२ लाख मिळाले तर उत्तम, पण २० लाही येईन." तीन राउंड झाले आणि ऑफर आली ती बरोबर २० ची. त्याने दगा दिला असं मला वाटत नाही. उमेदवार कितीवर तयार होईल हे मॅनेजर त्यालाच विचारणार, आणि मी सांगितलेला आकडा त्याने पुढे दिला. मी मित्राशी बोलत होतो, तो मात्र कामावर होता.

तेव्हापासून माझं पहिलं उत्तर साधारण असं असतं:

"अगं, किती दिवसांनी! छान वाटलं. रोल बघायला आवडेल. जेडी आणि बजेटची रेंज मेलवर पाठवशील? सीव्ही, सीटीसी, नोटीस पिरियड सगळं तिथेच देतो. बाकी गप्पांना शनिवारी निवांत फोन करतो."

मेल यासाठी, की तो जसाच्या तसा मॅनेजरकडे फॉरवर्ड होऊ शकतो. म्हणून त्यात "हाय" आणि तिचं नाव चालेल, पण जुन्या बॉसचा विषय नको. फिक्स्ड आणि व्हेरिएबल वेगळं लिहा, अपेक्षेचा एकच आकडा द्या, नोटीस ९० दिवसांची असेल तर ९० च लिहा. "बघू, लवकर सुटेन" हे मैत्रीत बोललेलं वाक्य पुढे जॉइनिंगची तारीख होऊन बसतं.

ती कन्सल्टन्सीत असेल तर सीव्ही देण्याआधी क्लायंटचं नाव विचाराच. एकाच कंपनीत दोन कन्सल्टन्सींकडून तुमचा सीव्ही गेला, तर उमेदवार कोणाचा यावरून वाद होतो आणि कधी कधी कंपनी तुम्हालाच बाजूला ठेवते. "मला विचारल्याशिवाय पुढे पाठवू नकोस हं" एवढं स्पष्ट लिहिलं तर तिला राग येणार नाही, तिला हे माहीत असतं.

आणि नोकरी बदलायचीच नसेल तर पहिल्याच दिवशी सांगा. ओळखीपोटी दोन राउंड देऊन मग माघार घेतली, तर मॅनेजरसमोर ती तोंडघशी पडते. नंतर मन बदललंच तर आधी तिला फोन करा आणि त्याच दिवशी दोन ओळींचा मेल टाका.