अंगभर आरशासाठी किती उंची पुरते?

प्रश्न: खोलीत भिंतीला आरसा लावायचाय. डोक्यापासून पायापर्यंत दिसायला कमीत कमी किती उंचीचा लागेल? दुकानदार ६ फुटी घ्या म्हणतो. खोली लहान आहे, मागे सरकायला फार जागा नाही. माझी उंची ५ फूट ८ इंच, आईची ५ फूट.

उत्तर: तुम्हा दोघांना मिळून ३ फूट २ इंच पुरतील. एकट्या तुमच्यासाठी तर ३४ इंच, म्हणजे तुमच्या उंचीच्या बरोबर निम्मे. आणि जागा कमी आहे याची काळजी सोडा, त्याने या मापात काहीच फरक पडत नाही.

मी शाळेत विज्ञान शिकवते. हा शेवटचा मुद्दा मुलांना पटता पटत नाही, म्हणून त्यांना घरी टिकल्या लावून बघायला सांगते. तुम्हीही बघा. घरातल्या कुठल्याही सरळ टांगलेल्या आरशासमोर ताठ उभे राहा. आरशात हनुवटी दिसते तिथे काचेवर एक टिकली लावा आणि डोक्याचा माथा दिसतो तिथे दुसरी. हात पुरत नसेल तर कुणाला तरी लावायला सांगा, तुम्ही हलू नका. आता दोन पावलं मागे जा. प्रतिमा लहान वाटेल, पण चेहरा त्याच दोन टिकल्यांमध्ये मावलेला असेल. टिकल्यांमधलं अंतर मोजलंत तर ते चेहऱ्याच्या निम्मं भरेल.

असं का होतं ते दहावीच्या समरूप त्रिकोणांनी कळतं. सपाट आरशात तुमची प्रतिमा काचेच्या मागे तेवढ्याच अंतरावर असते, जेवढे तुम्ही पुढे असता. तुम्ही ३ फुटांवर असाल तर डोळ्यापासून प्रतिमा ६ फुटांवर. आता डोळ्यातून प्रतिमेच्या माथ्याकडे एक रेघ काढा आणि पायांकडे दुसरी. मोठा त्रिकोण झाला, पाया ६८ इंच. काच या दोन्ही रेघांना बरोबर अर्ध्या वाटेत छेदते, त्यामुळे तिथे तयार होणारा लहान त्रिकोण मोठ्याशी समरूप आणि त्याचा पाया निम्मा, ३४ इंच. तुम्ही १० फूट मागे गेलात तरी काच अर्ध्या वाटेतच राहणार. अंतर गुणोत्तरातून निघून जातं.

पण ३४ इंची आरसा कुठेही टांगून चालत नाही, आणि घोळ बहुतेक इथेच होतो. डोळे माथ्यापासून साधारण ४ इंच खाली असतात, म्हणजे तुमचे जमिनीपासून ६४ इंचांवर. पायाकडून येणारा किरण डोळा आणि पाऊल यांच्या मधोमध काचेवर आपटतो, तिथे आपतन आणि परावर्तन कोन सारखे होतात. म्हणून खालची कड ३२ इंचांवर हवी. तसंच वरची कड डोळे आणि माथा यांच्या मधोमध, ६६ वर.

आता याच आरशासमोर आईंना उभं करा. त्यांचे डोळे ५६ इंचांवर. ३२ च्या कडेवरून त्यांना दिसणारा सगळ्यात खालचा बिंदू ३२ ची दुप्पट वजा ५६, म्हणजे जमिनीपासून ८ इंच वर. निऱ्या पायाशी कशा पडल्यात हेच नेमकं दिसणार नाही, आणि कितीही मागे सरकल्या तरी दिसणार नाही. त्यांना खालची कड २८ वर लागते. म्हणून वरची कड उंच माणसाच्या हिशेबाने, खालची बुटक्या माणसाच्या: २८ ते ६६, एकूण ३८ इंच. मी असते तर दोन्हीकडे एकेक इंच जास्त धरून ४० घेतला असता, कारण माणूस काही आरशासमोर ओळंब्यासारखा ताठ उभा राहत नाही. चौकट असेल तर ही मापं उघड्या काचेची धरा.

हा सगळा हिशेब आरसा भिंतीला अगदी सपाट असेल तरच. दोरीने खिळ्याला टांगलेला आरसा वरून पुढे झुकतो. ४० इंची आरशाची वरची कड दीड इंच पुढे आली तर काच जेमतेम २ अंशांनी कलते, पण किरण दुप्पट, ४ अंशांनी वळतो. ५ फुटांवर उभे असाल तर दिसणारा सगळा भाग चारेक इंच खाली सरकेल: केस आणि वरचं कपाळ गायब, त्याऐवजी पायापुढची फरशी. इथे मात्र अंतर मोजलं जातं, मागे जाल तसं डोकं जास्त कापलं जाईल. आरसा मागे रेललेला असेल तर उलटं, पाय जातात. म्हणून दोरी नको, वर-खाली क्लिपा मारून घ्या.

भोक पाडण्याआधी एक हातातला आरसा भिंतीला सपाट टेकवा, त्याची खालची कड जमिनीपासून २८ इंचांवर धरा आणि आईंना समोर उभं राहून विचारा की पायाची बोटं दिसतात का.